लाल पेशी कुठल्या गावच्या?

लॅबच्या टेबलावर लघवीचे दोन नमुने आले आहेत असे समजा. दोन्ही रुग्ण मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण अशी जोडी कोणत्याही पॅथॉलॉजिस्टच्या ओळखीची असते.

पहिला नमुना नऊ वर्षांच्या मुलाचा. तीन-चार आठवड्यांपूर्वी त्याच्या पायांवर खरूज झाली होती. खाजवून खाजवून फोड पिकले आणि मलम लावल्यावर बरेही झाले. आता सकाळी उठला तर डोळ्यांखाली सूज, तोंड फुगलेले आणि लघवी बिनदुधाच्या चहासारखी. दुसरा नमुना चाळिशीतल्या ट्रकचालकाचा. मध्यरात्री कमरेच्या डाव्या बाजूने कळ निघाली ती थेट जांघेत उतरली. बसवेना, झोपवेना, दोन उलट्या झाल्या. लघवी किंचित लालसर.

दोघांच्या रिपोर्टमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या ओळी वाचल्या तर आकडे सारखेच आहेत: लाल पेशी २० ते २५, पस सेल्स ८ ते १०. आकड्यांवरून कोणाचा रिपोर्ट कोणता हे ओळखता येणार नाही. पण स्लाइडवरचे चित्र पाहिले, तर एकाला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे आणि दुसऱ्याला सोनोग्राफीला पाठवायला हवे हे पाच-दहा मिनिटांत कळू शकते. लाल पेशी किती आहेत एवढेच रिपोर्ट सांगतो. त्या कुठून आल्या हे त्यांचा आकार आणि त्यांची सोबत सांगते.

थेंब स्लाइडवर येईपर्यंत

चित्र वाचण्याआधी ते कसे तयार होते ते पाहू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. लघवीची पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची. ती साधारण दोन तासांच्या आत तपासली जावी. लघवी पातळ असेल किंवा अल्कलीकडे झुकलेली असेल, तर ठेवल्या ठेवल्या पेशी फुटतात आणि कास्ट विरघळतात. घरून सकाळी सहाला भरलेली डबी दुपारी बाराला तपासली, तर ‘काही सापडले नाही’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही.

लॅबमध्ये साधारण १० मिली लघवी नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे फिरवतात. जड कण तळाशी बसतात. वरचे पाणी ओतून टाकायचे, अर्धा मिली ठेवायचे आणि तळाचा गाळ त्यात हलक्या हाताने मिसळायचा. म्हणजे मूळ लघवीतले कण आता वीस पटीने दाट झाले. त्यातला एक थेंब स्लाइडवर घ्यायचा आणि वर कव्हर स्लिप ठेवायची.

आता ‘पर एचपीएफ’ या अक्षरांचा अर्थ लागतो. ४० पटीच्या भिंगातून आणि १० पटीच्या नेत्रिकेतून, म्हणजे एकूण ४०० पट मोठे करून पाहताना जे एक वर्तुळ डोळ्यांपुढे येते, ते एक क्षेत्र. अशी दहा क्षेत्रे पाहून सरासरी काढतात. एका लॅबने १० मिलीऐवजी ५ मिली लघवी फिरवली, बाकी सगळे तेच ठेवले, तर त्याच माणसाचा आकडा निम्मा होईल. म्हणून दोन वेगवेगळ्या लॅबमधले ‘१२’ आणि ‘८’ यांची तुलना करून काळजी करण्यात किंवा खूश होण्यात हशील नाही.

आणखी एक सवय महत्त्वाची. चारशे पटीवर जाण्याआधी १० पटीच्या भिंगातून संपूर्ण स्लाइड हिंडून यायची, विशेषतः कव्हर स्लिपच्या कडा. तेव्हा उजेड कमी ठेवायचा. लघवीतल्या बऱ्याच गोष्टी काचेइतक्या पारदर्शक असतात, झगझगीत उजेडात त्या दिसतच नाहीत. गर्दीच्या सकाळी ही फेरी वगळली जाते आणि तिच्याबरोबर या गोष्टीतला सर्वांत मोठा साक्षीदारही निसटतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

वाटेत चिरडलेल्या आणि वाटेवर सुखरूप राहिलेल्या

लाल पेशी साधारण सात मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या जवळपास दीडशेव्या भागाएवढी. तिला केंद्रक नसते. स्लाइडवर ती फिकट, नितळ, मध्ये थोडी उथळ अशी चकती दिसते. एका क्षेत्रात दोन-तीनपर्यंत लाल पेशी निरोगी माणसातही दिसू शकतात.

ट्रकचालकाच्या स्लाइडवर वीस-पंचवीस चकत्या आहेत आणि सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या गोल. काहींच्या कडा किंचित दातेरी झाल्या आहेत, कारण लघवी दाट आहे आणि पेशीतले पाणी बाहेर ओढले गेले आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या पेशी मूत्रपिंडाच्या खाली, मूत्रवाहिनीतून किंवा मूत्राशयातून सरळ लघवीत उतरल्या. वाट मोकळी होती, म्हणून आकार शाबूत राहिला.

मुलाच्या स्लाइडवर मात्र एक पेशी दुसरीसारखी नाही. एखादी छोटी, एखादी तुटकी, एखादी नुसतेच कडे. काही कड्यांना बाहेरून फुगे आले आहेत, मिकी माउसच्या कानांसारखे. या कान फुटलेल्या पेशींना अ‍ॅकँथोसाइट म्हणतात. असा आकार येण्याचे कारण त्यांच्या वाटेत आहे. मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांच्या बारीक गुंत्यांच्या लाखो गाळण्या असतात. निरोगी गाळणी लाल पेशीला सहसा पलीकडे जाऊ देत नाही. गाळणीला सूज आली, तिचा पडदा फाटला, की त्या फटीतून पेशी अंग चोरून घुसते. पुढे लांबलचक नळीतून जाताना कधी खारट तर कधी पातळ द्रवात ती फुगते आणि आकसते. इतके सोसून लघवीत पोचलेली पेशी गोल कशी राहील?

लाल पेशींच्या आकारावरून रक्त गाळणीतले की खालचे हे ओळखता येते, असे ऑस्ट्रेलियातल्या बर्च आणि फेअरली यांनी १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यानंतर कान फुटलेल्या पेशींवर भर आला. नुसती वेडीवाकडी पेशी फसवू शकते, पण शंभरातल्या पाच किंवा अधिक पेशी अ‍ॅकँथोसाइट असतील, तर रक्त गाळणीतूनच येते आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. फेज कॉन्ट्रास्ट नावाचा सूक्ष्मदर्शक असेल तर हे काम सोपे होते. साध्या सूक्ष्मदर्शकातही सरावलेल्या डोळ्याला ते जमते, फक्त लघवी ताजी हवी. शिळ्या लघवीत सगळ्यांचेच आकार बिघडतात.

इथे ओळखीची गफलतही होते. यीस्ट म्हणजे बुरशीच्या पेशी लाल पेशींएवढ्याच दिसतात, पण त्या अंडाकृती असतात, लहान-मोठ्या असतात आणि त्यांना कोंब फुटलेले असतात. शंका असेल तर कव्हर स्लिपच्या कडेने पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब सोडतात. लाल पेशी विरघळून जातात, यीस्ट जागच्या जागी राहते.

नळीचा साचा

आता तो साक्षीदार. मुलाच्या स्लाइडच्या कडेला, कमी उजेडात, तंत्रज्ञाला एक लांबट दंडगोल दिसतो. दोन्ही कडा समांतर, टोक गोलसर, रंग नारिंगी-तपकिरी. भिंग मोठे केले तर आत लाल पेशी ठासून भरलेल्या. हा लाल पेशींचा कास्ट.

कास्ट म्हणजे साच्यातून निघालेले ओतकाम. मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या शेवटच्या भागात पेशी एक प्रथिन सोडत असतात. अमेरिकेतल्या इगॉर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये ते लघवीतून वेगळे केले. ते शोधत होते इन्फ्लुएंझाच्या विषाणूला रोखणारा पदार्थ, आणि हाती लागले हे. लघवी दाट, आम्लधर्मी आणि संथ झाली की नळीत हे प्रथिन जेलीसारखे घट्ट होते. त्या वेळी नळीत जे काही वाहत असेल ते त्यात अडकते. मागून आलेली लघवी मग ही कांडी खाली ढकलते आणि ती डबीत येते.

कास्टचे मोल त्याच्या जन्मस्थानात आहे. मूत्राशयात, मूत्रवाहिनीत किंवा बाहेरच्या मार्गात असा साचाच नाही, त्यामुळे तिथे कास्ट तयार होऊ शकत नाही. कास्टमध्ये लाल पेशी असतील तर रक्त मूत्रपिंडातून आले, आणि त्यातही बहुधा सुजलेल्या गाळणीतूनच. वीस-पंचवीस सुट्या पेशींनी जे सांगितले नाही ते एका कास्टने सांगितले.

म्हणून तो खरा आहे ना हे तपासायला हवे. लाल पेशी नुसत्या एकमेकींना चिकटून ओळीत पडल्या तरी कास्टचा भास होतो. खऱ्या कास्टला पेशींच्या बाहेर जेलीची सलग कड दिसते. कापडाचा धागाही फसवतो, पण त्याच्या कडा जाड आणि गडद असतात आणि तो कास्टपेक्षा चापट, तुटकतुटक दिसतो. उलट बाजूने खरा कास्ट नाजूक असतो. सेंट्रिफ्यूज जास्त वेगाने फिरवला किंवा गाळ जोरात हलवला, तर तो मोडतो. म्हणून ‘कास्ट नाहीत’ म्हणजे गाळणीची सूज नाही, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

सगळे कास्ट आजाराचे नसतात. जेली रिकामी असेल तर काचेसारखा पारदर्शक कास्ट दिसतो. उन्हात राबल्यावर, पळण्याची शर्यत संपल्यावर किंवा कमी पाणी प्यायल्यावर तो निरोगी माणसातही सापडतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला मातकट तपकिरी, रवाळ कास्टांचा खच असतो. जुलाबांनी शरीर सुकून गेल्यावर किंवा घोणस चावल्यावर लघवी कमी झालेल्या माणसात असे कास्ट दिसले, तर मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या पेशी मरून गळू लागल्या आहेत असे समजावे.

पस सेल्स म्हणजे इन्फेक्शनच नव्हे

मुलाच्या रिपोर्टमधला सर्वांत फसवा शब्द ‘पस’ आहे. आठ-दहा पस सेल्स पाहिल्या की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक सुरू करतात. पस सेल म्हणजे पांढरी पेशी, बहुतेक वेळा न्यूट्रोफिल. ती लाल पेशीच्या दीडपट मोठी, दाणेदार आणि आत दोन-तीन पाकळ्यांचे केंद्रक असलेली. एका क्षेत्रात पाचपर्यंत बहुतेक लॅब साधारण मानतात.

ही पेशी सूज असेल तिथे धावते. जंतूंमुळे सूज असेल तर तिथे, आणि जंतू नसतील तरी तिथे. मुलाच्या गाळणीत सूज आहे म्हणून त्या आल्या. ट्रकचालकाच्या मूत्रवाहिनीचे अस्तर खड्याने खरवडले म्हणून त्या आल्या. दोघांच्याही लघवीचे कल्चर केले तर ते स्वच्छ येऊ शकते.

जंतूंचा संशय बळावतो तो वेगळ्या चित्राने. पस सेल्सचे पुंजके, भोवती चळवळणारे जंतू आणि माणसाला उन्हाळी, म्हणजे लघवीला जळजळ. त्यात थंडी वाजून ताप, बरगडीखाली दुखणे आणि पस सेल्स भरलेला कास्ट, एवढे जुळले तर जंतू मूत्राशय सोडून वर मूत्रपिंडात चढले आहेत. इथेही ‘कुठे’ याचे उत्तर कास्टनेच दिले.

याच्या उलट, महिनोन् महिने पस सेल्स दिसतात आणि साधे कल्चर मात्र दर वेळी स्वच्छ येते, असे असेल तर आपल्याकडे मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरवर वाढत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते.

बायकांच्या नमुन्यात आणखी एक गोष्ट आधी पाहायची. पस सेल्सच्या जोडीला मोठ्या, चापट, कोपरे दुमडलेल्या त्वचेसारख्या पेशी भरपूर असतील, तर त्या योनिमार्गातून आल्या आहेत आणि पस सेल्सही कदाचित तिथूनच. अशा वेळी औषधाआधी स्वच्छ धुऊन, मधली धार घेऊन दुसरा नमुना द्यावा.

देखणे स्फटिक

ट्रकचालकाच्या स्लाइडवर सर्वांत आधी नजर जाते ती चौकोनी, चमकदार स्फटिकांवर. प्रत्येकावर कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेल्या दोन रेघा, पोस्टाच्या बंद लिफाफ्याच्या पाठीसारख्या. हे कॅल्शियम ऑक्झलेट. कळ, गोल लाल पेशी आणि लिफाफे असे तिन्ही एका चित्रात पाहिले की मुतखडा मनात येतो. तरी निदान स्फटिकांवर करायचे नसते.

याचे कारण असे की लिफाफे निरोगी माणसातही वारंवार दिसतात. पालक, सुकामेवा, कमी पाणी, एवढे पुरते. डबी फ्रीजमध्ये ठेवली तरी विरघळलेले क्षार थंडीने बाहेर पडतात. आम्लधर्मी लघवी गार झाली की तळाशी विटकरी गाळ बसतो, तो युरेटचा. पाहणाऱ्याला रक्त वाटते, पण लघवी कोमट केली की तो नाहीसा होतो. दुसरीकडे, मूत्रवाहिनीत खडा अडकलेल्या माणसाच्या लघवीत एकही स्फटिक नसेल असेही होते. म्हणून ट्रकचालकाचा खडा नक्की होईल तो सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर. ऑक्झलेटचाच एक अंडाकृती प्रकार लाल पेशीसारखा दिसतो आणि लाल पेशींच्या मोजणीत भर घालतो. ध्रुवीकृत प्रकाशात तो झळकतो, लाल पेशी झळकत नाही.

स्फटिकांच्या गर्दीत एक आकार मात्र कधीही दुर्लक्षून चालत नाही. रंगहीन, चापट, सहा समान बाजूंचा षट्कोन. तो सिस्टीनचा. शरीरात तो साधारणपणे लघवीत साचत नाही. दिसला तर सिस्टिन्यूरिया या जन्मजात दोषाचा शोध घ्यावा लागतो, कारण त्यात लहान वयापासून पुन्हा पुन्हा खडे होतात. षट्कोन पाहताना लघवी आम्लधर्मी आहे ना हेही बघतात, कारण युरिक अ‍ॅसिडही कधी कधी सहा बाजू घेऊन बसते. ते सहसा पिवळट असते.

दोन रिपोर्ट, दोन वाटा

आता पुन्हा त्या दोन नमुन्यांकडे. ट्रकचालकाच्या सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी पाच मिलिमीटरचा खडा दिसतो. एवढा खडा बऱ्याचदा आपोआप पडतो. वेदनाशामक देऊन, ताप येतो का याकडे लक्ष ठेवून वाट पाहतात. ताप आला तर मात्र अडलेल्या लघवीत जंतू वाढत आहेत असे समजून तातडीने दवाखाना गाठायचा.

मुलाच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टने हाताने दोन ओळी लिहिल्या: ‘लाल पेशी विरूप, अ‍ॅकँथोसाइट आहेत. लाल पेशींचा एक कास्ट दिसला.’ त्या वाचून डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती रक्तदाब मोजण्याची. तो वाढलेला होता. मग क्रिएटिनीन आणि सी३ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी झाली. सी३ कमी निघाले. पायावरच्या फोडांतले स्ट्रेप्टोकोकस जंतू गेले होते, पण त्यांच्याविरुद्ध उठलेली शरीराची फौज गाळणीत अडकून तिथे जळत होती. मीठ कमी, पाणी मोजून, लघवी वाढवणारे औषध आणि रक्तदाबावर नजर. या आजारातून बहुतेक मुले बरी होतात. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते आणि सी३ साधारण दोन महिन्यांत जागेवर येते. तोपर्यंत आले नाही तर हा आजार दुसराच असू शकतो आणि मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याचा विचार होतो.

चार महिन्यांनी मुलाची लघवी पुन्हा आली. रंग स्वच्छ, रक्तदाब ठीक, सी३ ठीक, पण लाल पेशी अजून पाच-सहा. आईने विचारले, ‘‘औषध बदलायचं का?’’ डॉक्टरांनी स्लाइड मागवून स्वतः पाहिली. पेशी अजून कान फुटलेल्याच होत्या, कास्ट एकही नव्हता, प्रथिन जात नव्हते. या आजारात लाल पेशी वर्षभरही झिरपत राहतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी नवे औषध लिहिले नाही, सहा महिन्यांनी ताजा नमुना आणायला सांगितले.